व्होल्टमीटर चुकीचं का दाखवतो: ‘ओहम पर व्होल्ट’पासून दहा मेगाओहमपर्यंत

नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्यावर एक-एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. मधल्या जोडावर साडेचार व्होल्ट असायला हवेत. आता तिथे काट्याचा मल्टिमीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावला, तर काटा जेमतेम १.३ व्होल्टवर थांबतो. मीटरही बरोबर आणि सर्किटही बरोबर. तरी आकडा असा का येतो, हे कळायला मीटरच्या पोटात काय असतं ते पाहावं लागतं.

काट्याच्या मीटरमध्ये चुंबकाच्या मध्ये एक बारीक कॉइल फिरते. ती फिरवायला करंट लागतो, आणि तो करंट मीटर आपण मोजत असलेल्या सर्किटमधूनच ओढून घेतो. ब्रिटिश पोस्ट ऑफिसमधले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ साली एव्होमीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम तिन्ही एकाच डब्यात, म्हणून नावातली अक्षरं ए-व्ही-ओ. त्या जमान्यात काटा पूर्ण फिरवायला एक मिलिअँपिअर लागणारे मीटर सर्रास असत. एक व्होल्टला एक मिलिअँपिअर म्हणजे हजार ओहम, म्हणून अशा मीटरला ‘हजार ओहम पर व्होल्ट’ म्हणत. बॅटरी किंवा दिव्याची वायरिंग तपासताना एवढ्या करंटने काही बिघडत नसे. पंचाईत झाली ती व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, रेडिओंमुळे. व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या आतल्या जाळीला, मेगाओहमच्या घरातले रेझिस्टर असत आणि मीटर लावला की तिथला व्होल्टेजच बसायचा.

यावर एक उपाय म्हणजे नाजूक कॉइल. फक्त ५० मायक्रोअँपिअरमध्ये पूर्ण फिरणारा काटा आला आणि ‘वीस हजार ओहम पर व्होल्ट’ हे माप रूढ झालं. अमेरिकेतला सिम्पसन २६० आणि १९५१चा एव्हो मॉडेल ८ याच मापाचे. रेडिओच्या सर्किट-नकाशांवर व्होल्टेजच्या आकड्यांसोबत ते कुठल्या मीटरने घेतले हेही छापत, ते यामुळेच. दुरुस्ती करणाऱ्याने तोच आकडा मिळतोय का, एवढंच बघायचं.

आता वरचा हिशेब लागतो. वीस हजारच्या मीटरचा १० व्होल्टच्या रेंजवर स्वतःचा रेझिस्टन्स दोन लाख ओहम. तो खालच्या एक मेगाओहमला समांतर बसतो आणि दोघांचा मिळून सुमारे १६७ किलोओहम होतो. नऊ व्होल्टमधला तेवढाच वाटा खाली येतो: १.३ व्होल्ट. रेंज ५० व्होल्टची केली तर मीटर एक मेगाओहमचा होतो आणि आकडा ३ व्होल्टवर जातो. २५० च्या रेंजवर मीटर पाच मेगाओहमचा, आकडा ४.१ व्होल्ट. म्हणजे सर्वांत मोठी रेंज लावावी? तसंही नाही. २५० च्या स्केलवर चार व्होल्ट म्हणजे काटा जागचा हललाय की नाही अशी शंका यावी. पूर्ण स्केलच्या दोन टक्के चूक धरली तरी ती पाच व्होल्टची होते, म्हणजे मोजायच्या व्होल्टेजहून जास्त. एरवी काटा स्केलच्या वरच्या भागात येईल अशी लहान रेंज घ्यावी, हा नियम बरोबरच आहे. पण रेंज बदलल्यावर व्होल्टेजचा आकडा असा उड्या मारत असेल, तर मीटर सर्किटला दाबतोय हे ओळखावं आणि लहान रेंजवरच्या आकड्यावर विसंबू नये.

दुसरा उपाय होता मीटरच्या आतच व्हॉल्व्ह घालण्याचा. या व्हॅक्यूम ट्यूब व्होल्टमीटरचा रेझिस्टन्स साधारण ११ मेगाओहम असे, आणि महत्त्वाचं म्हणजे डीसी व्होल्टच्या सगळ्या रेंजवर तेवढाच. डिजिटल मीटरने पुढे हीच रीत उचलली. १९७७ साली आलेला हातात मावणारा फ्लूक ८०२०ए दहा मेगाओहमचा होता, आणि आजचे बहुतेक चांगले मीटर तसेच असतात. आपल्या जोडावर असा मीटर ४.२९ व्होल्ट दाखवेल, म्हणजे सुमारे पाच टक्के कमी. मात्र स्वस्तातले पिवळे डीटी-८३० जातीचे मीटर बहुधा एकच मेगाओहमचे असतात. ते रुबाबात ३.०० दाखवतात. दशांशानंतरचे दोन आकडे पाहून नवखा माणूस त्यावर पटकन विश्वास ठेवतो. इथे रेंज बदलूनही काही कळत नाही, कारण मीटरचा रेझिस्टन्स रेंजबरोबर बदलतच नाही.

आपला मीटर कितीचा आहे हे दहा मेगाओहमच्या एका रेझिस्टरने कळतं. बॅटरीचा व्होल्टेज आधी थेट मोजा. मग तो रेझिस्टर लाल प्रोब आणि बॅटरी यांच्या मध्ये सिरीजमध्ये घालून, त्याच्या उघड्या तारांना बोट न लावता, पुन्हा मोजा. नऊचे साडेचार झाले तर मीटर दहा मेगाओहमचा, आणि ०.८ च्या आसपास आला तर एक मेगाओहमचा.