‘समजा, k साठी खरं आहे’

प्रथम वर्षाला गणिती विगमन, म्हणजे मुलांच्या भाषेत इंडक्शन, शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: ‘सर, जे सिद्ध करायचं, तेच आपण आधी “समजा” म्हणून धरतोय ना?’ ही शंका रास्त आहे. ती नुसतं सांगून फिटत नाही, त्यासाठी उदाहरणांचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो.

सुरुवात मी ठिपक्यांनी करतो. पहिल्या n विषम संख्यांची बेरीज n² असते. फळ्यावर ३ × ३ ठिपक्यांचा चौरस काढायचा, त्याला उजवीकडून आणि खालून एक पट्टी जोडायची. पट्टीत ७ ठिपके बसतात, चौरस ४ × ४ होतो, आणि ७ ही चौथी विषम संख्या. हेच अक्षरांत लिहिलं की

k² + (2k + 1) = (k + 1)²

आपण ‘सगळ्या n साठी खरं’ असं कुठेच धरलं नाही. एका k साठी खरं असेल, तर पुढच्यासाठीही आहे, एवढंच दाखवलं. बरीच मुलं मात्र k + 1 चं समीकरण आधीच मांडतात आणि दोन्ही बाजू सोडवत 0 = 0 पर्यंत येतात. अशा वेळी मी एकच सांगतो: ‘समजा’ जिथे वापरलंत, ती ओळ अधोरेखित करा. ती ओळच सापडली नाही, तर ते विगमन नव्हे.

दुसरं विधान मुद्दाम खोटं देतो: ‘n² + n + 1 नेहमी सम असते.’ n च्या जागी n + 1 घातलं, की आधीच्या संख्येत 2(n + 1) ची भर पडते. सम अधिक सम म्हणजे सम, पायरी अगदी बिनचूक! पण n = 1 ला ३ येतात, n = 2 ला ७. n(n + 1) नेहमी सम असल्यामुळे ही संख्या कायम विषमच राहते. पहिली पायरी का तपासायची, हे इथे मुलांना स्वतःलाच दिसतं.

तिसऱ्या उदाहरणात बीजगणित जवळपास नाहीच. सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५४ मध्ये मांडलेलं हे कोडं माझं सर्वांत आवडतं. 2ⁿ × 2ⁿ घरांच्या पटावरचं कोणतंही एक घर काढा, उरलेला पट तीन घरांच्या L आकाराच्या फरशांनी भरता येतो. २ × २ मधून एक घर काढलं, की उरते ती फरशीच. ४ × ४ चे चार भाग करा. एका भागात काढलेलं घर आहे, बाकीचे तीन पूर्ण आहेत. मधोमध एक फरशी अशी ठेवा, की त्या तिन्ही भागांचं एकेक घर झाकलं जाईल. आता चारही भागांत एकेक घर कमी आहे, म्हणून ‘समजा’ इथे चार वेळा वापरता येतं.

यात ‘कोणतंही’ हा शब्द फार मोलाचा. ‘मधल्या चारांपैकी एक घर’ एवढंच गृहीत धरणारी मुलं मोठ्या पटावर अडतात, कारण झाकलेलं घर प्रत्येक भागाच्या कोपऱ्यात येतं. मग ८ × ८ चा पट कागदावर भरून घेतो: २१ फरशा. १६ × १६ ला किती, हे आता मोजावं लागत नाही: तसे चार पट आणि मधली एक, म्हणजे ८५.