पार्टनरशिप की प्रायव्हेट लिमिटेड? आधी बाहेर पडायचं कसं ते ठरवा

आमच्याकडे धंदा सुरू करायला दोन मित्र येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पार्टनरशिप करू की प्रायव्हेट लिमिटेड?" आम्ही उलट विचारतो की दोघांपैकी एकाला दोन वर्षांनी सोडून जायचं झालं तर काय करायचं ठरलंय? यावर बहुतेक वेळा दोघं एकमेकांकडे बघून हसतात. "आमच्यात तसं काही होणार नाही हो." हे माहितीपत्रक त्याच उत्तरामुळे लिहावं लागलं. नोंदणीचं काम आम्ही पटकन उरकतो. वेळ जातो तो सोडून गेलेल्या मित्राचे कागद नीट करताना, आणि ती वेळ टाळता येण्यासारखी असते.

भागीदारी पत्र किंवा कंपनी म्हणजे काय, हे तुम्हाला ढोबळमानाने माहीत आहे असं धरून चालतो.

जबाबदारी कुठपर्यंत

पार्टनरशिपमध्ये फर्मचं देणं हे दोघांचं देणं असतं, आणि प्रत्येकाचं पूर्ण देणं असतं. "नफातोटा निम्मा निम्मा" हे वाक्य तुमच्या दोघांपुरतं. देणेकऱ्याला त्याच्याशी घेणं नाही. ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याकडून तो सगळी रक्कम मागू शकतो. मग त्या भागीदाराने आपल्या मित्राकडून त्याचा वाटा वसूल करत बसायचं.

कंपनीत तुम्ही शेअरसाठी जेवढी रक्कम द्यायचं कबूल केलं तेवढीच जबाबदारी. पुरवठादाराचे पैसे कंपनीने बुडवले तर तो कंपनीवर दावा लावेल, एरवी तुमच्या घरापर्यंत येणार नाही. मात्र एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला सांगतो. बँक नव्या कंपनीला कर्ज देताना दोन्ही संचालकांची वैयक्तिक हमी सहसा मागतेच. त्यावर सही केली की त्या कर्जापुरतं मर्यादित जबाबदारीचं कवच गेलं. कंपनीने दिलेला चेक परत गेला तर कारभार पाहणाऱ्या संचालकावर फौजदारी तक्रार होऊ शकते. कंपनीचा थकलेला करही ठरावीक परिस्थितीत संचालकांकडून वसूल होतो. कंपनी म्हणजे सगळ्यातून सुटका, असं कोणी सांगितलं असेल तर ते अर्धंच सांगितलंय.

ज्या चुकीत सगळ्यात जास्त वेळ जातो

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण या धाटणीची फाइल आमच्या ओळखीची.

दोन मित्रांनी प्रत्येकी ४ लाख रुपये घालून पॅकिंगच्या मालाचा धंदा सुरू केला. फर्म नोंदणीकृत, सगळं व्यवस्थित. दोन वर्षांनी दुसऱ्याला चांगली नोकरी लागली. दोघं बसले, हिशेब झाला, त्याने ३ लाख घेतले. ५०० च्या स्टँप पेपरवर लिहिलं, "आजपासून माझा या धंद्याशी काही संबंध नाही, पुढची सर्व देणी पहिल्याने फेडायची." नोटरी झाली, चहा झाला, विषय संपला. पहिल्याने त्याच नावाने, त्याच खात्यावर, त्याच बिलबुकावर धंदा पुढे चालवला.

दीड वर्षाने धंदा बसला. एका जुन्या पुरवठादाराचे ११ लाख थकले, आणि तेही सगळे दुसरा गेल्यानंतर घेतलेल्या मालाचे. शिल्लक माल आणि येणी मिळून ५ लाख सुटले. राहिले ६ लाख. पहिला भाड्याच्या घरात राहतो, दुसऱ्याचा स्वतःचा फ्लॅट आहे. पुरवठादाराने दोघांवर दावा लावला.

दुसरा तो स्टँप पेपर घेऊन आमच्याकडे येतो. त्या कागदाच्या जोरावर तो ६ लाख पहिल्याकडून मागू शकतो, एवढं खरं. पण पुरवठादाराला तो कागद लागू नाही, कारण त्याला कोणी कळवलंच नव्हतं. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ सांगतो की जाहीर सूचना दिली जाईपर्यंत जुन्या भागीदाराची बाहेरच्या माणसांपुढची जबाबदारी चालूच राहते. ज्याला हा भागीदार होता हेच ठाऊक नव्हतं, असा देणेकरी तेवढा अपवाद. इथे पुरवठादार तर दोन वर्षं त्याच्याच हातून चेक घेत होता.

नोंदणीकृत फर्मसाठी जाहीर सूचनेचे तीन भाग आहेत: फर्म्सच्या निबंधकाकडे बदलाची नोंद, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी, आणि फर्मच्या जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या एका वृत्तपत्रात जाहिरात. शिवाय आम्ही नेहमीच्या पुरवठादारांना आणि बँकेला वेगळं पत्र पाठवून पोच घ्यायला लावतो. जाण्याआधीची देणी मात्र या सूचनेने सुटत नाहीत. त्यासाठी देणेकऱ्याचीच संमती हवी.

आणखी एक गोष्ट दोघांच्या फर्मला लागू होते, पण कोणाच्या ध्यानात नसते. फर्मला किमान दोन माणसं लागतात. एक गेला की उरलेला "फर्म" राहत नाही, फर्म विसर्जित होते. त्याच क्षणी नवा भागीदार घेतला, पत्नी किंवा भाऊ, तर गोष्ट वेगळी. एकट्याने चालवायचं तर फर्मचा पॅन चालत नाही, स्वतःच्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी लागते, आणि फर्मच्या जीएसटी खात्यातलं शिल्लक कर-क्रेडिट ITC-02 फॉर्मने वळवून घ्यावं लागतं. जुन्याच नंबरावर बिलं फाडत राहिलात की तो गुंता सोडवायला महिने जातात.

अशा वेळी आम्हाला हटकून विचारलं जातं, "मागची तारीख टाकून कागद करून द्या ना." आम्ही देत नाही. राजपत्राला आणि वर्तमानपत्राला मागची तारीख टाकता येत नाही, त्यामुळे तसा कागद उपयोगाचाही नसतो. यावरून काही ग्राहक नाराज होऊन गेले आहेत, त्याला आमचा इलाज नाही.

हेच कंपनीत झालं असतं तर

पुरवठादाराचे ६ लाख दुसऱ्याच्या फ्लॅटपर्यंत आले नसते. पण कंपनीत दुसरीच अडचण उभी राहते: संचालकपद सोडलं म्हणजे कंपनी सोडली असं होत नाही. राजीनामा दिला तरी त्याच्या नावावरचे ५० टक्के शेअर तिथेच असतात.

मागे राहिलेल्या मित्राचं काय होतं ते पाहा. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात आणि बोर्ड मीटिंगलाही किमान दोघं हजर लागतात. एकटा उरलेला संचालक फारतर नवा संचालक घेऊ शकतो किंवा सर्वसाधारण सभा बोलावू शकतो. बाकी निर्णय अडतात. नव्या संचालकाला सभेत कायम करायचं तर मतदान ५० विरुद्ध ५०, म्हणजे ठराव नामंजूर. गेलेला मित्र रागावून गेला असेल तर तो काहीही न करता कंपनी अडवून ठेवू शकतो. शेवटी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं दार ठोठवावं लागतं. तो खर्च लहान धंद्याला झेपत नाही.

सरळ वाट म्हणजे शेअर विकणं. शेअर हस्तांतराचा SH-4 फॉर्म, मुद्रांक शुल्क आणि बोर्डाचा ठराव एवढ्यात ते काम होतं. पैसे मात्र घेणाऱ्या मित्राने स्वतःच्या खिशातून द्यायचे. "कंपनीच्या खात्यातून देऊन टाका" हे चालत नाही. कंपनीने स्वतःचे शेअर परत घ्यायचे तर त्याला वेगळे नियम आणि मर्यादा आहेत, आणि नव्या कंपनीकडे तेवढी गंगाजळी क्वचितच असते.

राहता राहिला दरवर्षीचा खर्च. फर्मचं विवरणपत्र, गरजेप्रमाणे जीएसटी आणि टीडीएस, एवढ्यावर भागतं. उलाढाल ठरावीक मर्यादेपुढे गेली तरच ऑडिट. कंपनीला पहिल्या वर्षापासून, एक रुपयाची विक्री नसली तरी, ऑडिट करावं लागतं. नोंदणीनंतर १८० दिवसांत धंदा सुरू करत असल्याच्या घोषणेचा INC-20A भरायचा, वर्षाला वार्षिक सभा आणि बोर्ड मीटिंगा, मग हिशेबाचा AOC-4 आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A. हे दोन फॉर्म राहिले तर प्रत्येकी रोज १०० रुपये जादा शुल्क. वर्षभर विसरलात तर दोन्ही फॉर्मचे मिळून ७३,००० रुपये, धंदा चालला असो वा नसो. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि ते दुसऱ्या कंपनीतही आड येतं. "बंद पडली, विसरून जाऊ" हा मार्ग कंपनीत नाही. तिला रीतसर बंद करावं लागतं.

मग घ्यायचं काय

दोघांच्या कौशल्यावर चालणारा, उधारीवर माल न उचलणारा धंदा असेल तर नोंदणीकृत पार्टनरशिपने सुरुवात करा, असंच आम्ही सांगतो. नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला आपली बाकी वसूल करायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, म्हणून आमच्याकडे ती केल्याशिवाय फाइल बंद होत नाही. मोठी उधारी, महागडी यंत्रं किंवा बाहेरचा गुंतवणूकदार येण्याची शक्यता असेल तर पहिल्या दिवसापासून कंपनी. फर्मची पुढे कंपनी करता येते. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, हा मधला पर्याय काहींना बसतो, त्याचं पत्रक वेगळं आहे.

दोन्हींत आम्ही बाहेर पडण्याचं कलम लिहूनच घेतो: किती दिवसांची नोटीस, किंमत कोण ठरवणार, पैसे किती हप्त्यांत, नाव कोणाकडे राहणार, एकाचं निधन झालं तर वारसांना काय. काही जण "एकाने भाव सांगायचा, त्याच भावाने घ्यायचं की विकायचं ते दुसऱ्याने ठरवायचं" असं कलम मागतात. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ज्याच्याकडे रोख आहे तो मुद्दाम कमी भाव सांगतो, कारण समोरच्याला घ्यायला पैसे नाहीत हे त्याला माहीत असतं. म्हणून आम्ही त्यात पैसे उभे करायला ९० दिवसांची मुदत घालतो. कंपनी असेल तर शेअर विक्रीवरची बंधनं नियमावलीतही आणतो. नुसत्या आपापसातल्या करारात ठेवली तर ती कंपनीवर बंधनकारक राहत नाहीत.

"नेटवरचा नमुना छापून द्या, एक तासात होईल" असं म्हणणाऱ्यांना आमची दोन बैठकांची पद्धत लांबण वाटते. पहिल्या बैठकीत दोघांना एकाच प्रश्नावलीची वेगवेगळी प्रत देतो आणि वेगवेगळं बसवून भरायला सांगतो. उत्तरं जुळत नाहीत तिथेच कलम लिहायचं असतं. दुसऱ्या बैठकीत मसुदा वाचतो. याचं वेगळं शुल्क नाही, ते नोंदणीच्या शुल्कातच धरलेलं आहे.

येताना दोघंही या, एकाने दुसऱ्याच्या वतीने नको. पॅन, आधार, जागेचा भाडेकरार किंवा वीजबिल आणि जागामालकाचं संमतीपत्र सोबत आणा. कोणी आधीच मित्राला सोडून बाहेर पडला असेल आणि कुठेच सूचना दिलेली नसेल, तर जुनं भागीदारी पत्र आणि पुरवठादारांची यादी घेऊन याच आठवड्यात या. सूचना उशिरा दिली तरी तिथून पुढच्या व्यवहारांना ती लागू होते.