मेट्रो नकाशाच्या स्क्रीनशॉटवरून गाडी बदलत जाण्याची आखणी

मेट्रोच्या मार्ग-नकाशाचा मोबाइलवर जपून ठेवलेला फोटो पाहून, कुठे चढायचे, कोणत्या स्थानकात गाडी बदलायची आणि प्रत्येक वेळी कोणत्या दिशेची गाडी धरायची हे निघण्याआधी ठरवणे, म्हणजे ही आखणी. कोल्हापुरात मेट्रो नाही. त्यामुळे कोल्हापूरकराचा या नकाशाशी संबंध बहुधा आदल्या संध्याकाळी येतो. मुंबईतला भाचा व्हॉट्सॲपवर फोटो धाडतो, "मामा, हे बघून या," एवढेच लिहितो, आणि मामा रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बर्थवर पडून ती रंगीत रेघांची गुंतवळ सोडवत बसतात. भुयारात रेंज गेली तरी जपलेला फोटो उघडतो, हा त्याचा मोठा फायदा. पण तो काढला त्या दिवशी जे होते तेवढेच तो दाखवतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

मेट्रोचा नकाशा हा भूगोलाचा नकाशा नसतो. हॅरी बेकने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९३१ साली आखलेल्या आणि १९३३ साली छापल्या गेलेल्या आराखड्यापासून ही पद्धत रूढ झाली. रेघा सरळ किंवा ठरावीक कोनात वळलेल्या, स्थानके साधारण सारख्या अंतरावर. त्यातून स्थानकांचा क्रम आणि रेघा कुठे मिळतात एवढे खात्रीने कळते. अंतर कळत नाही आणि दिशाही अंदाजेच कळते. दोन ठिपके बोटभर अंतरावर दिसले म्हणून ते चालत जाण्याइतके जवळ आहेत, असे धरून चालणे ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक.

उदाहरण म्हणून सीएसएमटीला उतरून दिंडोशीला जायचे आहे असे धरू. आखणी उलटीकडून, म्हणजे मुक्कामाकडून सुरू करावी. दिंडोशी सापडते ते लाल रेघेवर, मेट्रो ७ वर. ही रेघ गुंदवलीपासून दहिसर पूर्वेपर्यंत जाते. सीएसएमटी आहे मेट्रो ३ वर, कफ परेड ते आरे जेव्हीएलआर या भुयारी मार्गावर. या दोन रेघा एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. दोघींना भेटणारी तिसरी रेघ शोधायची. ती निळी मेट्रो १, वर्सोवा ते घाटकोपर. मेट्रो ३ तिला मरोळ नाक्याला भेटते, आणि मेट्रो ७ भेटते वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकापाशी. म्हणजे गाडी दोनदा बदलायची.

फोटो कसा आहे हे इथेच कळीचे ठरते. मेट्रो १ निळी आणि मेट्रो ३ निळसर हिरवी. व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेल्या फोटोत हे दोन रंग जवळजवळ एक होतात, आणि नेमक्या मरोळ नाक्याला त्या एकमेकींवरून जातात. बारीक नजरेने पाहिले नाही तर मामा मरोळला न उतरता सीप्झकडे निघून जातील. म्हणून रंगावर न विसंबता रेघेवर बोट ठेवून तिच्या दोन्ही टोकांची नावे वाचावीत. फोटो मोठा केल्यावर अक्षरे फुटत असतील तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवून घ्यावी. ती दाबली जात नाही.

दुसरा चकवा नावांचा. लाल रेघेवर दिंडोशीच्या अलीकडचे स्थानक आहे 'आरे', आणि मेट्रो ३ चे शेवटचे स्थानक 'आरे जेव्हीएलआर'. साहजिकच वाटते की मेट्रो ३ च्या टोकापर्यंत बसून राहावे, बाहेर पडून आरेला जावे आणि तिथून एक स्थानक पुढे. पण ही दोन स्थानके काही किलोमीटर दूर आहेत, आणि नकाशावर त्यांना जोडणारी खूण नाही. खूण नसेल तर नावे सारखी असली तरी इंटरचेंज नाही. याची उलट बाजूही खरी आहे. 'गुंदवली' आणि 'वेस्टर्न एक्सप्रेस हायवे' ही नावे अगदी वेगळी, पण पुलाने जोडलेली आहेत आणि गाडी तिथेच बदलायची आहे. नाव सोडावे, जोडणीची खूण धरावी.

आता दिशा. फलाटावर गाडी ओळखायची ती शेवटच्या स्थानकाच्या नावावरून, म्हणून तीन नावे कागदावर लिहून घ्यावीत. सीएसएमटीहून आरे जेव्हीएलआरकडे जाणारी गाडी, मरोळ नाक्याला वर्सोव्याकडची, गुंदवलीला दहिसर पूर्वेकडची. तिसऱ्या नावात एक मेख आहे. मेट्रो ७ आणि पिवळी मेट्रो २अ दहिसर पूर्वेला मिळतात, आणि गुंदवलीहून सुटणारी गाडी तिथे न संपता पुढे २अ वरून अंधेरी पश्चिमेपर्यंत जाते. त्यामुळे गाडीवर 'अंधेरी पश्चिम' अशी पाटी दिसू शकते. गुंदवली अंधेरी पूर्वेलाच आहे, त्यामुळे अंधेरीतूनच तर निघालो, मग परत अंधेरीला कशाला, असे वाटून माणूस ती गाडी सोडून देतो. ती बरोबरच असते. नकाशावरच्या दोन रेघांवरून एकच गाडी धावते, हे रेघांवरून कळत नाही.

वेळेसाठी स्थानके मोजावीत. सीएसएमटी ते मरोळ नाका १९ थांबे, तिथून वेस्टर्न एक्सप्रेस हायवे ३, गुंदवली ते दिंडोशी ५. एकूण २७. थांब्याला दोन-अडीच मिनिटे धरली तर गाडीतला वेळ तासाभराचा. नकाशा जे सांगत नाही ते इथून पुढे. मरोळ नाक्याला मेट्रो ३ जमिनीखाली आहे आणि मेट्रो १ खांबांवर. बॅग घेऊन इतके चढणे आणि पुढच्या गाडीची वाट पाहणे यासाठी प्रत्येक बदलाला पंधरा मिनिटे धरलेली बरी. म्हणजे दीड तास.

शिवाय या तीन रेघा तीन वेगळ्या संस्था चालवतात. पुण्यात स्वारगेटला एसटीतून उतरून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलणाऱ्याला एकच तिकीट पुरते, तेच इथे गृहीत धरू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'मुंबई वन' ॲपवर सलग प्रवासाचे एकत्र तिकीट काढता येते. ते रात्रीच पाहून ठेवावे, म्हणजे मरोळच्या गर्दीत रांगेत उभे राहावे लागत नाही.

फोटो जुना आहे की ताजा, हे त्यावरूनच ओळखता येते. मेट्रो ३ आचार्य अत्रे चौकाला संपत असेल तर तो ऑक्टोबर २०२५ आधीचा. त्यावर सीएसएमटी मेट्रो नसेलच. मेट्रो ७ आरेला संपत असेल तर जानेवारी २०२३ च्याही आधीचा. उलट काही नकाशांवर काम चालू असलेले मार्ग तुटक रेघेने काढलेले असतात, आणि लहान फोटोत तुटक रेघ सलग दिसते. तो खुलासा सूचीत, बहुधा खालच्या कोपऱ्यात असतो, आणि स्क्रीनशॉट घेताना नेमका तोच कापला जातो. सूची नसलेला नकाशा परत मागवावा.

महालक्ष्मी दादरलाही थांबते, आणि तिथून मरोळ नाका फक्त ९ थांब्यांवर. म्हणजे नकाशावर १० थांबे वाचतात. पण मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला आहे. मध्य रेल्वेच्या फलाटावरून पूल ओलांडून, बाजारातून वाट काढत तिथवर चालावे लागते. हातात एकच पिशवी असेल तर दादर सोयीचे. ट्रंक, गुळाची ढेप आणि सोबत म्हातारी आई असेल तर सीएसएमटीच बरे.