अ‍ॅनॉमली स्कॅनची तारीख बदलायची आहे? क्लिनिकला काय लिहावं, वेटिंगला नाव कसं घालावं, कोणती कागदपत्रं लागतात

गरोदरपणातल्या बाकीच्या तपासण्या आठ-दहा दिवस मागेपुढे झाल्या तरी बहुतेक वेळा चालून जातं. अ‍ॅनॉमली स्कॅनचं तसं नाही. बाळाचा मेंदू, हृदय, मणका, मूत्रपिंडं, हातपाय असं सगळं नीट बघण्याची ही सोनोग्राफी साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात. त्याआधी हृदय फार लहान असतं, नीट दिसत नाही. उशीर केला तर पुढच्या तपासण्यांना वेळ उरत नाही. काही शंका आली तर हृदयाची वेगळी सोनोग्राफी किंवा गर्भजलाची तपासणी सांगतात, आणि गर्भजलाच्या काही रिपोर्टना दोन-तीन आठवडे जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. बाळातल्या गंभीर व्यंगासाठी त्यापुढे जायचं असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. म्हणून तारीख बदलताना ‘पुढची कुठलीही द्या’ असं कधीही म्हणू नका.

मी सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते. तारीख बदलून मागणारे बहुतेक मेसेज एका ओळीचे असतात: ‘उद्याची कॅन्सल करा, नंतर सांगते.’ सिस्टिममध्ये कॅन्सल केलं की ती नोंद बंद होते. मग त्या बाईंचा किती आठवड्यांचा स्कॅन राहिलाय, हे आमच्यापैकी कुणाच्या डोळ्यासमोर राहत नाही. त्यामुळे ‘रद्द करा’ असं न लिहिता ‘तारीख बदलून हवी’ असं लिहा, आणि आठवडे त्याच मेसेजमध्ये सांगा.

आठवडे मोजताना फाइलमधली ड्यू डेट धरा. पाळीची तारीख आणि पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी यांत जास्त फरक पडला तर डॉक्टर सोनोग्राफीप्रमाणे ड्यू डेट बदलतात, आणि पुढे तीच चालते. एक उदाहरण घेऊ. शेवटची पाळी ५ जानेवारी २०२६ ची आणि ड्यू डेट १२ ऑक्टोबर. म्हणजे ११ मेला १८ आठवडे पूर्ण, २५ मेला २० आणि ८ जूनला २२. स्कॅन २० मेला ठरला होता आणि नेमकी त्याच दिवशी विद्यापीठाची परीक्षा आली. सेंटरकडे पुढची मोकळी तारीख ५ जून आहे, म्हणजे २१ आठवडे ४ दिवस. तारीख मुदतीत बसते, पण पुढे हात फारसा मोकळा राहत नाही. अशा वेळी ५ जून पक्की करून ठेवायची आणि त्याआधी कुणाची जागा सुटली तर मिळावी म्हणून वेटिंगलाही नाव द्यायचं. नुसतं वेटिंगवर राहू नका, कारण जागा सुटेलच याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

मेसेज असा लिहिता येईल:

‘नमस्कार. माझी २० मे, बुधवार, सकाळी ११ ची अ‍ॅनॉमली स्कॅनची अपॉइंटमेंट आहे. (पूर्ण नाव, नोंदवलेला मोबाइल नंबर.) त्याच दिवशी माझी परीक्षा आहे, त्यामुळे तारीख बदलून हवी आहे. फाइलमधली ड्यू डेट १२ ऑक्टोबर आहे, २५ मेला २० आठवडे पूर्ण होतात. १३ ते ३० मेमध्ये २० तारीख सोडून कुठलीही वेळ चालेल. ती नसेल तर ५ जून पक्की करावी आणि माझं नाव वेटिंगला घ्यावं. फोन आल्यावर पाऊण तासात पोहोचू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि आधीचे रिपोर्ट तयार आहेत. फोन लागला नाही तर या दुसऱ्या नंबरवर करावा: (नंबर). २० तारखेची माझी जागा दुसऱ्या कुणाला देता येईल.’

परीक्षेचं कारण एका वाक्यात पुरे, पुरावा कुणी मागत नाही. आम्हाला खरी गरज असते ती ‘पाऊण तासात पोहोचू शकते’ या ओळीची. सकाळी साडेदहाला कुणी येत नाही म्हणून कळवलं की आमच्याकडे ठरवायला चार-पाच मिनिटं असतात. यादीत आधी कुणाचं नाव आहे ते बघतोच, पण आठवडे कुणाचे सरत आलेत आणि लगेच कोण येऊ शकेल हेही बघावं लागतं. तालुक्याच्या गावाहून दोन तास लागत असतील तर तसंच लिहा. मग आदल्या दिवशी सुटलेली जागा तुमच्यासाठी धरता येते.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. सुटलेली प्रत्येक जागा या स्कॅनला पुरत नाही. बाळाची वाढ बघायची साधी सोनोग्राफी पंधरा-वीस मिनिटांत होते. अ‍ॅनॉमलीला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि बाळ पाठ करून असलं तर थोडं चालून पुन्हा यायला सांगतात. म्हणून ‘वेटिंगला घ्या’ एवढंच न म्हणता ‘अ‍ॅनॉमलीसाठी वेटिंगला घ्या’ असं सांगा. बोलावणं आलं की त्या दिवसाचे दोन तास हातात ठेवून निघा.

आता कागदपत्रं. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (१९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा) प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी फॉर्म एफ भरावाच लागतो. त्यात नाव, पत्ता, पतीचं किंवा वडिलांचं नाव, आधीचे मुलगे-मुली आणि त्यांची वयं, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि सोनोग्राफीचं कारण असतं. बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, या निवेदनावर सही तुमचीच लागते, त्यामुळे घरच्यांनी आधी येऊन फॉर्म उरकून ठेवणं शक्य नसतं. या फॉर्ममधली त्रुटी कायद्याचा भंग मानली जाऊ शकते, म्हणून कागद अपुरा असेल तर काउंटरवरची बाई ऐकत नाही. तिच्यावर रागावू नका.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तुमचं नाव, तारीख, आठवडे, सोनोग्राफीचं कारण, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते आजच बघून घ्या. तारीख बदलल्यावर बहुतेक वेळा इथेच अडतं. चिठ्ठी एप्रिलची, स्कॅन जूनमध्ये, आणि सेंटर ताजी चिठ्ठी मागतं. ५ जून पक्की करतानाच ‘जुनी चिठ्ठी चालेल का?’ हे विचारा. फोटो असलेलं ओळखपत्र मूळ आणि झेरॉक्स असं दोन्ही घ्या. त्यावर माहेरचा पत्ता किंवा लग्नाआधीचं नाव असेल तर तेही आधीच सांगा. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर झाले असतील तर त्यांचे रिपोर्ट फाइलमध्ये लावा. ही फाइल घरात ठेवू नका, रोज जिथे जाता तिथे बरोबर असू द्या. फोन कॉलेजात असताना आला आणि फाइल घरी राहिली, तर मिळालेली जागा हातची जाते.

मेसेज पाठवल्यावर त्याच दिवशी फोन करा आणि दोन गोष्टी स्वतंत्रपणे विचारा: ५ जूनची वेळ पक्की झाली का, आणि वेटिंगच्या यादीत नाव चढलं का. ‘हो, बघतो’ एवढ्यावर फोन ठेवू नका. यादी रोज नवी करतात की आठवड्याची एकच असते, हेही विचारा. रोजची असेल तर दररोज सकाळी सेंटर उघडल्यावर फोन करावा लागेल. २५ मेपर्यंत जागा मिळाली नाही तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा. त्यांनी स्वतः फोन केला तर जागा निघू शकते, किंवा ते दुसऱ्या नोंदणीकृत सेंटरची चिठ्ठी देतील.

वेटिंगमधून जागा मिळून स्कॅन झाला की निघतानाच काउंटरवर ५ जूनची वेळ सोडायला सांगा. यादीत तुमच्यामागे कुणाचे तरी २१ आठवडे पूर्ण होत आलेले असतात.