सिद्धार्थ गुपचूप निघाले होते का?

"म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं पाहून सिद्धार्थ मध्यरात्री कुणालाही न सांगता निघून गेले, हे सर्वांत जुन्या ग्रंथांतच आहे ना?"

नाही. मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या जुन्या पाली संग्रहातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्धांच्या तोंडी आहे की आईवडील नको म्हणत असताना, रडत असताना, आपण केस-दाढी उतरवून घर सोडलं. यात गुपचूप काहीच नाही.

चार दृश्यं दीघनिकायाच्या महापदान सुत्तात आहेत खरी, पण ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या कथेत. सगळ्या बुद्धांचं चरित्र एकाच साच्यातलं, हेच त्या सुत्ताला ठसवायचंय. पुढे अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' काव्यात तीच दृश्यं सिद्धार्थांची होतात.

अर्थात जुनं सुत्त म्हणजे रोजनिशी नव्हे. मायादेवी तर जन्मानंतर सातव्या दिवशी वारल्या, असं परंपराच सांगते. मग रडणारी आई कोण? त्यांना वाढवणारी मावशी गौतमी असेल, किंवा ठरावीक शब्दयोजना.