बँक अडचणीत आली तर 5 लाखांपर्यंत मिळतात, पण कोणती खाती एकत्र धरतात? मोजणी, कागदपत्रं आणि प्रक्रिया

ठेव विम्याबद्दल सगळ्यांना एक आकडा पाठ असतो, 5 लाख. त्याच्या पुढे मात्र गडबड सुरू होते. कोणी म्हणतं प्रत्येक एफडीला 5 लाख, कोणी म्हणतं प्रत्येक शाखेला 5 लाख, कोणाला वाटतं जॉइंट खातं आहे म्हणजे दोघांचे मिळून 10 लाख. ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत.

आधी विमा कोण देतं ते बघू. डीआयसीजीसी, म्हणजे डिपॉझिट इन्शुरन्स अँड क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन, ही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीची कंपनी. 1960 मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून विमा लागू झाला. तेव्हा संरक्षण होतं 1,500 रुपये. पुढे वाढत वाढत 1993 मध्ये 1 लाख झालं आणि मग तब्बल 27 वर्षं तिथेच अडकलं. पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हाही मर्यादा 1 लाखच होती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख झाली. या विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून घेता येत नाही, आणि त्यासाठी आपल्याला वेगळा फॉर्मही भरावा लागत नाही, विमाधारक बँकेत ठेव असली की विमा आपोआप आला.

आता पात्रता. सेव्हिंग, एफडी, रिकरिंग, करंट, सगळी खाती चालतात. सरकारी बँका, खाजगी बँका, स्मॉल फायनान्स बँका, पेमेंट्स बँका, ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती आणि राज्य सहकारी बँका यात येतात. पण पतसंस्था येत नाहीत! आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत, काहींचं ऑफिस एखाद्या बँकेपेक्षा चकचकीत असतं, पासबुक देतात, एफडीची पावती देतात, व्याजही एखादा टक्का जास्त देतात, पण त्या ठेवीला डीआयसीजीसीचा एक रुपयाही विमा नाही. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीचं तेच, नावात काहीही असो. शंका असेल तर डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर विमाधारक बँकांची यादी असते, तिच्यात पूर्ण नाव शोधा. कर्मचाऱ्याच्या तोंडी "हो हो, इन्शुअर्ड आहे"वर जाऊ नका.

मोजणीचा नियम असा की एका बँकेत, एकाच हक्काने आणि एकाच नात्याने, म्हणजे एकट्याच्या नावाने, जॉइंट, पालक म्हणून की भागीदार म्हणून, ठेवलेली सगळी खाती एकत्र करायची आणि त्या बेरजेला 5 लाखांची मर्यादा लावायची. शाखा कितीही असोत, बँक एकच धरली जाते. बँक बदलली की मर्यादा नव्याने सुरू. आणि बेरीज मुद्दल अधिक साचलेलं व्याज अशी होते, हे लोक हमखास विसरतात.

उदाहरण घेऊ, नावं काल्पनिक आहेत. सुनीताताईंचं पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत कोथरूड शाखेत सेव्हिंग आहे, त्यात 60 हजार. सिंहगड रोड शाखेत त्यांच्या एकटीच्या नावाची एफडी, मुद्दल 3 लाख 80 हजार आणि साचलेलं व्याज 22 हजार. शिवाय त्यांचा छोटा बुटिकचा धंदा आहे, त्याचं करंट खातं दुकानाच्या नावाने, त्यात 1 लाख 10 हजार. आता दुकानाचं नाव वेगळं असलं तरी प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याने सुनीताताई स्वतःच, त्यामुळे हे चारही आकडे एकाच टोपलीत जातात. बेरीज 5 लाख 72 हजार. मिळणार 5 लाख, वरचे 72 हजार विम्याबाहेर.

आता जॉइंट. सुनीताताई आणि नवरा प्रकाश यांची 4 लाखांची एफडी आहे, पहिलं नाव सुनीता, दुसरं प्रकाश. त्याच क्रमाने एक जॉइंट सेव्हिंगही आहे, 1 लाख 40 हजार. नावं तीच, क्रमही तोच, म्हणून दोन्ही एकत्र, 5 लाख 40 हजार, त्यातले 5 लाख सुरक्षित आणि 40 हजार बाहेर. इथे सुनीताताईंच्या वैयक्तिक खात्यांशी काही संबंध नाही, ती टोपली वेगळी. आणखी एक जॉइंट एफडी आहे 3 लाख 50 हजारांची, पण तिच्यात पहिलं नाव प्रकाश आणि दुसरं सुनीता. माणसं तीच, क्रम उलटा, आणि डीआयसीजीसीच्या नियमात एवढ्यानेच ती वेगळ्या नात्याने ठेवलेली ठेव ठरते, तिला स्वतंत्र 5 लाखांचं कव्हर. ऐकायला विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे. तिसरं नाव घातलं, समजा मुलाचं, तरी तो गट वेगळा होतो.

मुलगी अजून लहान आहे, तिच्या खात्यात 1 लाख 50 हजार आणि पालक म्हणून सही सुनीताताईंची. पालक म्हणून सांभाळलेलं खातं वेगळं धरलं जातं, त्यांच्या स्वतःच्या 5 लाखांतून ते वजा होत नाही. तसंच भागीदारी फर्मचं खातं भागीदारांच्या वैयक्तिक खात्यांपासून वेगळं.

तर एकूण 16 लाख 12 हजार ठेवीतले 15 लाख विम्यात आणि 1 लाख 12 हजार बाहेर. सुनीताताईंनी दोन गोष्टी केल्या असत्या तर तेही वाचले असते, 40 हजार उलट्या क्रमाच्या जॉइंटमध्ये हलवायचे आणि 72 हजार दुसऱ्या बँकेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर नावांचे क्रम फिरवत बसण्यापेक्षा दुसरी बँक बरी, कारण बँक अडकली तर विम्याचे पैसे येईपर्यंत सगळंच अडकतं, घरखर्चासकट.

नॉमिनी लावला म्हणून कव्हर वाढत नाही. ऑपरेशन आयदर ऑर सर्व्हायव्हर आहे की जॉइंटली, यानेही मोजणी बदलत नाही. आणि जॉइंट खात्याचे 5 लाख हे खात्याचे, दोन नावं म्हणून 10 होत नाहीत.

एफडीचा सापळाही बघा. बरोबर 5 लाखांची एफडी केली तर व्याजाचा पहिला रुपयाही विम्याबाहेर जातो. दीर्घ मुदतीची क्युम्युलेटिव्ह एफडी असेल तर मुदतपूर्तीचा आकडा बघायचा. साडेसात टक्क्यांनी तिमाही चक्रवाढ, पाच वर्षं, तर 3 लाख 40 हजारांचे साधारण 4 लाख 93 हजार होतात. म्हणजे एकट्याच्या नावावर त्या बँकेत दुसरं काही नसेल तर एवढ्याच्या आसपास थांबायचं.

कर्ज असेल तर? बँकेचं तुमच्याकडे येणं असेल तर ते ठेवीतून आधी वजा होतं आणि उरलेल्या रकमेला 5 लाखांची मर्यादा लागते. ठेव 8 लाख आणि गोल्ड लोन 2 लाख असेल तर उरले 6, त्यातले 5 मिळणार. ठेव 6 आणि कर्ज 2 असेल तर उरले 4, ते पूर्ण मिळणार.

आता प्रक्रिया. पूर्वी लायसन्स रद्द होऊन लिक्विडेटर, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळून हिशोब मिटवणारा अधिकारी, बसेपर्यंत विम्याचा पत्ताच नसायचा, पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि ठेवीदारांना विम्याचे पैसे 2022 मध्ये मिळाले. हे बदललं ते 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झालेल्या डीआयसीजीसी कायद्याच्या कलम 18ए मुळे. आता आरबीआयने पैसे काढण्यावर निर्बंध घातले की त्या दिवसापासून 90 दिवसांचं घड्याळ सुरू होतं. पहिल्या 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी डीआयसीजीसीला द्यायची, पुढच्या 30 दिवसांत तपासणी, आणि शेवटच्या 15 दिवसांत पैसे. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर 13 फेब्रुवारी 2025 ला निर्बंध आले, त्या हिशोबाने यादीची मुदत 30 मार्च आणि पैशांची 14 मे. बँकेचं विलीनीकरण वगैरे घाटत असेल तर ही मुदत आणखी 90 दिवस पुढे जाऊ शकते. लायसन्सच रद्द झालं तर मार्ग वेगळा, लिक्विडेटरने तीन महिन्यांत यादी द्यायची आणि यादी मिळाल्यापासून दोन महिन्यांत डीआयसीजीसीने पैसे द्यायचे.

ठेवीदाराला काम असतं ते त्या 45 दिवसांत. डीआयसीजीसीकडे जायचं नाही, ते ठेवीदाराशी थेट व्यवहार करत नाहीत, आपल्याच बँकेच्या शाखेत जायचं. तिथे क्लेमचा फॉर्म मिळतो, त्यात विम्याचे पैसे घ्यायला तयार आहोत अशी लेखी संमती द्यायची. ही संमती नसेल तर पहिल्या यादीत नाव जात नाही आणि मग वाट बघणं आलं. सोबत ओळखीचे कागद, आधार आणि पॅन तयार ठेवा, आणि दुसऱ्या बँकेतल्या चालू असलेल्या खात्याचा नंबर, आयएफएससी आणि कॅन्सल चेक किंवा पासबुकची झेरॉक्स, कारण पैसे अडकलेल्या बँकेत जमा करून काही उपयोग नाही. एफडीच्या मूळ पावत्या जवळ असू द्या. जॉइंट असेल तर सगळ्या धारकांच्या सह्या आणि कागद, एकजण परदेशात असेल तर आधीच कळवून ठेवा.

अडतं कुठे, तर बहुतेक वेळा नावात. एफडी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या, किंवा पासबुकवर वडिलांचं नाव आणि पॅनवर फक्त आद्याक्षर. मोबाईल नंबर जुना. ठेवीदार वारलेले आणि नॉमिनी नाही, मग वारसाचे कागद जमवण्यात मुदत निघून जाते. हे बँक चालू असताना एका अर्जात दुरुस्त होतं, निर्बंधांनंतर त्याच काउंटरला रांग असते.

क्लेम पुढे गेला की नाही ते डीआयसीजीसीच्या वेबसाइटवर दावा सूचक नावाच्या सोयीत बघता येतं. या सगळ्याला फी नाही, म्हणून "लवकर काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे आणि फोनवर ओटीपी, दोन्ही देऊ नका.

5 लाखांवरची रक्कम बुडालीच असं नाही, पण तिची हमीही नाही. दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं तर योजनेत काय लिहिलंय त्यावर, आणि लिक्विडेशन असेल तर कर्जवसुलीतून काय उरतं त्यावर, आणि त्या वसुलीतून आधी डीआयसीजीसीचे पैसे फेडावे लागतात. तसंच दोन बँकांत मुद्दाम 4-4 लाख ठेवले असतील आणि त्या बँका एकमेकींत विलीन झाल्या, तर आता बँक एकच आहे आणि 8 लाखांना कव्हर 5 चं, त्यामुळे विलीनीकरणाचं पत्र आलं की बेरीज पुन्हा एकदा करून बघा.