दूध बाधतं, पण त्यातलं नेमकं काय?

दुधामुळे त्रास होणाऱ्यांना आजही सर्रास सांगितलं जातं की लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसलेलं दूध प्या. मोठ्या माणसाला दुधाने नुसतं पोट फुगत असेल तर हा सल्ला बरोबर आहे. सहा महिन्यांच्या बाळाच्या अंगावर दुधाने गांधी उठत असतील तर मात्र तो धोकादायक आहे. पहिल्याला दुधातली साखर पचत नाही, दुसऱ्याचं शरीर दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजतं, म्हणजे त्याला दुधाची ॲलर्जी आहे. दोन्ही तक्रारी दुधाच्या पेल्यापासूनच सुरू होतात, म्हणून त्यांची गल्लत होते. वैद्यकशास्त्रालाही त्यांची कारणं वेगवेगळ्या वाटांनी आणि बऱ्याच उशिरा सापडली.

ॲलर्जीची वाट आधी सुरू झाली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द मांडला. 1921 मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल प्राउस्निट्स यांनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना मासे बाधत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्स यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लगेच गांधी उठली. ॲलर्जी रक्तातल्या कशातरी घटकातून येते हे यातून दिसलं, पण तो घटक सापडायला 1966 उजाडलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला. पुढे त्याला आयजीई असं नाव मिळालं. दुधाच्या ॲलर्जीत ही आयजीई प्रतिपिंडं केसिन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांसारख्या प्रथिनांना ओळखतात. लॅक्टोजशी त्यांचं काही देणंघेणं नसतं.

न पचणाऱ्या साखरेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असतं. 1959 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी जन्मतःच हे विकर नसलेल्या बालकांची नोंद केली. त्यामुळे हा एक दुर्मीळ जन्मजात दोष आहे असं चित्र तयार झालं. ते पालटलं 1965-66 च्या सुमाराला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी धडधाकट प्रौढांना तपासलं, तेव्हा अनेकांच्या आतड्यात लॅक्टेज फारच कमी निघालं. कृष्णवर्णीयांमध्ये असे लोक बहुसंख्य होते, गोऱ्यांमध्ये थोडे. युरोपीय वंशाच्या डॉक्टरांनी आपल्याच पचनाला सर्वसाधारण मानलं होतं, ते उघड झालं. जगातल्या बहुतेक प्रौढांमध्ये बालपणानंतर लॅक्टेज कमी होत जातं. ते टिकून राहणं हाच नंतर घडलेला जनुकीय बदल आहे. 2002 मध्ये फिनलंडच्या गटाने तो बदल हुडकून काढला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, कारण दूध न पचणाऱ्या प्रौढाला आजारी ठरवण्याचं कारणच तिने काढून घेतलं.

लक्षणांतला फरकही यातूनच कळतो. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं. तिथे ते पाणी ओढून घेतं आणि जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. म्हणून त्रास बहुधा अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होतो आणि पोटापुरताच राहतो: फुगणं, गुडगुड, कळा, पातळ शौच. त्या वायूतला थोडा हायड्रोजन रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर पडतो. श्वासाची हायड्रोजन चाचणी यावरच उभी आहे. आयजीईच्या ॲलर्जीत मात्र काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत गांधी, ओठ-पापण्यांना सूज, उलटी, खोकला किंवा घरघर दिसते. तिथे चमचाभर दूधसुद्धा पुरतं. ॲलर्जीचा एक उशिरा दिसणारा प्रकारही आहे. त्यात आयजीई नसते आणि तान्ह्या बाळाच्या शौचात रक्ताचे धागे येऊ शकतात.

आता सहा महिन्यांच्या त्या बाळाकडे येऊ. ते आईचं दूध पितं. पहिल्यांदाच गाईच्या दुधावर बनवलेली पावडर पाजली आणि दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, नंतर उलटी झाली. घरातल्यांनी ‘पचत नसेल’ म्हणून लॅक्टोजमुक्त पावडर आणली. पुन्हा तेच झालं, आणि ते होणारच होतं. त्या पावडरीत साखर बदललेली असते, गाईच्या दुधाची प्रथिनं तशीच असतात. शेळीच्या दुधाचाही उपयोग नाही: त्याची प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तेही बाधतं. वयानेही इशारा दिलेला असतो. आईच्या दुधात लॅक्टोज भरपूर असतं आणि बाळ ते आरामात पचवत होतं.

अशा बाळाला गाईचं दूध देणं बंद करून त्याला ॲलर्जीतज्ज्ञाकडे न्यायचं असतं. घरी ‘थोडं देऊन बघू’ असं करायचं नाही. आईचं दूध चालू ठेवतात. पावडर लागलीच तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली किंवा नुसत्या अमिनो आम्लांची पावडर डॉक्टर सुचवतात. पाकिटावर केसिन, व्हे, दुधाची भुकटी हे शब्द शोधायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागावी लागते, बाळाला सांभाळणाऱ्यांनाही. श्वासाला त्रास होऊ लागला किंवा बाळ मलूल पडलं तर ॲड्रिनलिन हाच उपचार आहे. डॉक्टरांनी त्याचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते मांडीत लगेच द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. ॲलर्जीच्या गोळीची वाट पाहत बसणं चुकीचं आहे.

मोठ्या माणसाला त्रास पोटापुरताच असेल तर त्याला घरी बराच वाव आहे. दोन आठवडे दूध टाळायचं. पोट शांत झालं तर जेवणाबरोबर 100 मिलिलिटर दूध घेऊन पाहायचं आणि काही दिवसांनी हळूहळू वाढवायचं. दूध न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण 240 मिलिलिटर दूध, फारसा त्रास न होता चालतं. रिकाम्या पोटी एका दमात तेवढंच प्यायलं तर तेच माणूस कळवळू शकतं. दही बहुधा सोसतं, कारण त्यातले जिवाणू स्वतःचं विकर बरोबर आणतात. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरत नाही. लॅक्टेजचे थेंब टाकून दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी ते थोडं गोड लागतं: लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झाल्याची ती खूण. हे दही, हे चीज, हे गोड झालेलं दूध, यातलं काहीही ॲलर्जी असलेल्या बाळाला मात्र चालत नाही.

जुलाबाच्या आजारानंतर मुलांचं लॅक्टेज काही आठवडे कमी होतं आणि आतड्याचं अस्तर भरून आलं की परत येतं. पण मोठेपणी वजन घटणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यांचा दोष दुधाला देऊन थांबू नये. तिथे तपासणी हवी.

पुढची वाटचालही उलटी असते. वयाबरोबर घटलेलं लॅक्टेज परत वाढत नाही, पण दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांमध्ये शाळेच्या किंवा किशोरवयापर्यंत नाहीशी होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ॲलर्जी असलेल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांना भरपूर भाजलेल्या केकमधलं दूध सोसलं, कारण उष्णतेने काही प्रथिनांची घडण बदलते. तेव्हापासून अशा मुलांना भाजलेल्या पदार्थांतून टप्प्याटप्प्याने दुधाकडे नेलं जातं. तो पहिला घास मात्र ॲलर्जीतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावरच, आणि ज्यांना आधी तीव्र झटका आला आहे त्यांना रुग्णालयातच दिला जातो.